पांढरं जातंय, पण बुरशीचं औषध लागू पडत नाही: यीस्ट की बीव्ही, ओळखायचं कसं?

रानजाई
मैत्रिणींनो, आडपडदा न ठेवता लिहिते, कारण इथे नाही विचारलं तर कुठे विचारणार.

गेले काही महिने अंगावरून नेहमीपेक्षा जास्त जातंय. घट्ट नाही, पातळच आहे, दुधात थोडी राख कालवावी तसा रंग. निकरवर गाठी दिसत नाहीत, सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळला की पिवळट दिसतो. खाज जवळजवळ नाहीच. त्रास आहे तो वासाचा. तोही रोज नाही. पाळी संपत आली की येतो आणि संबंधानंतर तर हमखास. नवऱ्याला जाणवत नाही म्हणतो, पण मला जाणवतो आणि त्यामुळे जवळ जायलाच नको वाटतं.

फोनवर डॉक्टरांना सांगितलं तर "पांढरं जातंय ना, मग फंगल" म्हणून आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. त्याने दोन-चार दिवस बरं वाटलं, मग जैसे थे. मग तोंडाने घ्यायची एक कॅप्सूल झाली. तिने तर काहीच फरक नाही.

वाचून वाचून 'यीस्ट', म्हणजे बुरशी, आणि 'बीव्ही', म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, हे दोन शब्द कळले. रंग, वास, पोत यांवरून घरच्या घरी फरक सांगता येतो का? तुमचे अनुभव सांगा.

ओवी
अगं सोपं आहे. पांढरं असलं की बुरशी, पिवळं-हिरवं असलं की जंतू. तुझं पांढरट आहे म्हणजे यीस्टच. कोर्स अर्धवट राहिला असेल, पुन्हा पूर्ण कर. आणि रोज आतून इंटिमेट वॉशने नीट धुवून काढ, वास जातो. मी तेच करते.

निळाई
ओवी, थांब जरा. मला यीस्ट इतक्या वेळा झालंय की मी झोपेतसुद्धा ओळखेन आणि रानजाईने लिहिलंय ते अजिबात तसं नाही.

माझ्यात सगळ्यात आधी खाज येते, स्राव नंतर. खाज म्हणजे अशी की चारचौघांत बसवत नाही, रात्री झोपमोड होते. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, कधी बारीक चिरा पडतात. लघवी करताना आग होते, पण ती लघवी त्या सोललेल्या कातडीला लागते म्हणून. मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनमध्ये आग आतून, नळीत होते. हा फरक मला फार उशिरा कळला, तोवर माझी लघवीच तपासली जात होती आणि रिपोर्ट नॉर्मल येत होता. स्राव असतो तो घट्ट, पांढरा, नासलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखा, आणि वास? काहीच नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हे सगळं जोरात असतं, पाळी आली की आपोआप थोडं निवळतं.

तुझं बरोबर उलटं आहे. तुझा वास पाळीनंतर वाढतो आणि खाज नाहीच.

समीर_द
मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही माहीत नाही. बायकोला हेच झालंय. प्रश्न एवढाच, हे माझ्यामुळे होतं का? मला काहीच त्रास नाही. मी औषध घ्यायचं का?

दुपारसावली
समीर, निःसंकोच लिहा. बायकोच्या त्रासाबद्दल विचारणारा नवरा या धाग्यावर हवाच. पण धागाकर्तीचा प्रश्न ओळखण्याचा आहे, तिला आधी उत्तर मिळू दे, मग तुमच्याकडे वळू.

काचपट्टी
मी लॅबमध्ये आहे. बरीच वर्षं हेच नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. पण काय बघतो आणि का, ते सांगू शकते.

रानजाई, तुझ्या वर्णनातला सगळ्यात महत्त्वाचा धागा वासाची वेळ आहे. रंगापेक्षा कितीतरी जास्त.

योनीमार्ग एरवी आंबट असतो, पीएच साधारण ३.८ ते ४.५. तिथले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलाय, लॅक्टिक ॲसिड तयार करून हा आंबटपणा राखतात. बीव्हीमध्ये ते कमी होतात आणि गार्डनेरेला व त्याच्यासारखे दुसरे बरेच जंतू बेसुमार वाढतात. हे जंतू अमाइन नावाची रसायनं सोडतात. आंबट वातावरणात ती स्रावात विरघळून बसलेली असतात, वास फारसा येत नाही. आता त्यात आम्लाच्या उलट गुणाचं काही मिसळलं की तीच रसायनं वायू होऊन उडतात आणि मासळीसारखा वास सुटतो. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास. वीर्याचाही ७ च्या वर. म्हणून पाळी संपताना आणि संबंधानंतर.

लॅबमध्ये आम्ही मुद्दाम हेच करतो. काचेवर स्रावाचा थेंब, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, आणि लगेच नाकाशी धरतो. वास असला तर क्षणभर ठसठशीत येतो आणि उडून जातो, म्हणून थेंब टाकून दुसरं काही करायला वळायचं नाही. तुझ्या शरीरात दर महिन्याला हीच चाचणी आपोआप होतेय.

बुरशीत पीएच बहुधा बदलत नाही, आंबटच राहतो. अमाइन नाहीत, म्हणून वास नाही. निळाईने अगदी बरोबर लिहिलंय.

ओवी
पण मग रंगाला काहीच अर्थ नाही का? सगळीकडे तर रंगाचे तक्ते असतात.

काचपट्टी
अर्थ आहे, पण एकट्या रंगावर भिस्त ठेवू नये. निरोगी स्रावही निकरवर वाळला की पिवळट दिसतो, आणि कितीतरी बायका तेवढ्यावरून घाबरून नमुना घेऊन येतात. महिन्याच्या मध्यावर पारदर्शक आणि बोटांत ताणला जाणारा, नंतर पांढरा आणि चिकट, हे सगळं नेहमीचंच. बुरशीतही दर वेळी गुठळ्या असतातच असं नाही, कधी कधी स्राव पातळ असतो आणि फक्त खाज असते.

मी क्रम असा लावेन. आधी वास आहे का आणि केव्हा. मग खाज-लाली किती. मग पोत, म्हणजे गुठळ्या आहेत की भिंतींना पातळ साय चढल्यासारखा एकसारखा थर आहे. रंग सगळ्यात शेवटी.

आणि ओवी, राग मानू नकोस, पण आतून धुणं बंद कर. आतून धुतल्याने तेच लॅक्टोबॅसिलाय वाहून जातात. आतून धुणाऱ्या बायकांमध्ये बीव्ही जास्त आढळतं. वास चार तास जातो आणि परत येतो, मग पुन्हा धुवावंसं वाटतं. बाहेरून साधं पाणी पुरतं.

ओवी
राग कसला. पण मला कधी त्रास झाला नाही, म्हणून लिहिलं. बंद करून बघते.

आर्या
रानजाई, माझं डिट्टो तुझ्यासारखं होतं. बुरशीच्या गोळ्यांवर गोळ्या. शेवटी एका डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलवर झोपवून कागदाची पट्टी लावली. पट्टीचा रंग बदलला, त्यांनी डबीवरच्या रंगांशी लावून मला दाखवला, पीएच ५ च्या वर. पाच मिनिटांचं काम. त्याआधी कोणी तपासलंच नव्हतं, सगळे फक्त ऐकून लिहून देत होते. मला त्याचाच जास्त संताप आला.

पाऊलवाट
+१. "पांढरं जातं" एवढं म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही.

रानजाई
काचपट्टी, तुझं वाचून अंगावर काटा आला, इतकं माझं वर्णन आहे ते. पण मग आधीच्या गोळ्यांनी दोन-चार दिवस बरं का वाटलं? आणि पीएचची पट्टी घरी लावली तर?

काचपट्टी
बीव्ही महिनाभर एकाच जोराने नसतं. पाळीनंतर वाढतं, मध्यावर पुष्कळदा आपोआप ओसरतं. गोळ्या नेमक्या त्या उतारावर घेतल्या गेल्या तर श्रेय गोळ्यांना जातं. तुझ्या बाबतीत हेच झालं असं छातीठोक नाही सांगणार, दोन्ही एकत्र असण्याचीही शक्यता असते. २००२ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं, तर जेमतेम एक तृतीयांश जणींनाच निव्वळ बुरशी निघाली. बाकीच्यांत बीव्ही होतं, मिश्र होतं, काहींना तर काहीच नव्हतं. आणि त्या काही अडाणी नव्हत्या. लक्षणं खरोखरच एकमेकांत मिसळतात.

पट्टी घरी लावता येते, पण स्राव कुठून घेतला याला महत्त्व आहे. योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट द्रव मुळातच आंबट नसतो, तो लागला की पट्टी फसवते. पाळीचं रक्त, आदल्या रात्रीचं वीर्य, जेल, आत ठेवलेलं मलम, हेही फसवतात. शिवाय पीएच वाढलेला दिसला म्हणजे बीव्हीच असंही नाही. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीतही वाढतो. तो लैंगिक संबंधातून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध लागतंच. पट्टी फार तर एवढं सांगते की पीएच ४.५ च्या आत असेल तर बीव्हीची शक्यता कमी.

आक्का
मी वयाने मोठी आहे तुम्हा सगळ्यांपेक्षा. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. मलाही पिवळसर जातं आणि आग होते, कोरडं कोरडं वाटतं. सुनेने ही चर्चा दाखवली. मी बुरशीचं मलम लावते आहे, थोडं बरं वाटतं. हे यीस्टच ना?

काचपट्टी
आक्का, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे आतलं अस्तर पातळ पडतं आणि लॅक्टोबॅसिलायही कमी होतात. पीएच आपोआप ४.५ च्या वर जातो. म्हणजे वर सांगितलेली पट्टी तुमच्या वयात उपयोगाचीच नाही. साखर नसेल आणि हार्मोनचं औषध चालू नसेल तर या वयात बुरशी तशी कमीच आढळते. कोरडेपणा, आग आणि पिवळट स्राव पुष्कळदा त्या पातळ अस्तरामुळे असतो आणि त्याचा उपाय वेगळा असतो. मलमाने बरं वाटतं ते कदाचित नुसत्या ओलाव्याने. डॉक्टरांना एकदा दाखवाच. आणि स्रावात रक्ताचा थेंब जरी दिसला तरी वाट न बघता.

आक्का
रक्त नाही गं बाई. पण दाखवते. इतकी वर्षं वयच असं म्हणून सोडून दिलं होतं.

चाफा
मी गरोदर आहे, सहावा महिना. स्राव खूप वाढलाय, पांढरा, पण वास नाही आणि खाज नाही. निळाईचं वाचून वाटतंय तसं नाही, तरी भीती वाटते. घरात आधीच्या वेळची बुरशीची कॅप्सूल पडून आहे, घेऊ का?

निळाई
नको!! तोंडाने घ्यायची बुरशीची कॅप्सूल गरोदरपणात स्वतःहून अजिबात नाही. मला गरोदरपणात यीस्ट झालं तेव्हा डॉक्टरांनी फक्त आत लावायचं औषध दिलं होतं, आठवडाभराचं. आणि तुला खाजच नाही तर औषध कशाला? गरोदरपणात स्राव वाढतोच. पण पाण्यासारखा भसकन आला, वास आला किंवा रक्त आलं तर लगेच जा. एरवी पुढच्या तपासणीला आठवणीने सांग.

चाफा
धन्यवाद ताई. कॅप्सूल कचऱ्यात टाकली.

मोरपंखी
मी गेली काही वर्षं प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेते, मला बीव्ही पुन्हा झालं नाही. सगळ्यांनी घ्या.

आर्या
मोरपंखी, मीही घेतल्या, मला परत झालं. तुझा अनुभव खोटा म्हणत नाही, पण "सगळ्यांनी घ्या" नको.

मोरपंखी
माझ्या डॉक्टरांनीच सुचवल्या होत्या. तुला उपयोग झाला नाही म्हणजे त्या निरुपयोगी असं कसं?

काचपट्टी
दोघींचंही खरं असू शकतं. लॅक्टोबॅसिलाय एका जातीचे नसतात. कॅप्सूलमध्ये कुठली जात आहे, ती तोंडाने घ्यायची की आत ठेवायची, यावर बरंच अवलंबून असतं. हमखास लागू पडतं म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. मूळ औषधाच्या जागी मात्र घेऊ नये.

रानजाई
मंडळी, जाऊन आले. लांब लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. काचपट्टीने लिहिलेल्या क्रमाने सगळं सांगितलं, आधी वास आणि त्याची वेळ. त्या ऐकतच राहिल्या, मधे बोलल्या नाहीत. मग तपासलं. आतल्या भिंतींवर पातळ राखाडी थर आहे म्हणाल्या, लाली किंवा सूज काहीच नाही. पट्टीवर पीएच ५.५ च्या जवळ. थेंब टाकल्यावर वास त्यांना आला, आणि टेबलवर पडल्या पडल्या मलाही. इतके दिवस जो वास फक्त मलाच येतोय असं वाटत होतं, तो दुसऱ्या कुणालातरी आला, तर मला रडूच आलं.

नमुना लॅबला पाठवला. रिपोर्टमध्ये 'क्लू सेल्स' दिसल्याचं आणि बुरशी न दिसल्याचं लिहिलंय. निदान बीव्ही. मेट्रोनिडाझोल ५०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, बाकी ठीक. काचपट्टी, हे क्लू सेल्स म्हणजे तुला काय दिसतं गं?

काचपट्टी
तुझं रडू अगदी समजलं.

काचेवर आतल्या त्वचेच्या मोठ्या चपट्या पेशी दिसतात. निरोगी नमुन्यात त्यांची कड अशी स्वच्छ असते की पेन्सिलने काढता येईल. बीव्हीत जंतू त्या पेशीला चिकटून इतकी गर्दी करतात की कड खरखरीत, पुसल्यासारखी होते, पेशी कुठे संपते तेच कळत नाही. अशी एखाददुसरी दिसली तर मोजत नाही. पाचांत एकीपेक्षा जास्त पेशी तशा असतील तर मोजतो. आजूबाजूला लॅक्टोबॅसिलायच्या लांब काड्या जवळपास नसतातच.

पातळ एकसारखा स्राव, ४.५ च्या वरचा पीएच, थेंबानंतरचा वास आणि क्लू सेल्स, या चारांपैकी तीन असले तर बीव्ही. १९८३ पासून हीच कसोटी वापरात आहे. तुझ्यात चारही आहेत.

बुरशीच्या नमुन्यावर तोच रासायनिक थेंब टाकला की त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे व त्यांना फुटलेले कोंब उघडे पडतात. पण काचेवर बुरशी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं नाही, पुष्कळदा ती निसटते. खाज असेल आणि काचेवर काही दिसत नसेल तर कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं, करायला सांगायचं. त्याच्याही उलट, कल्चरमध्ये बुरशी उगवली पण त्रास काहीच नाही, तर औषध लागत नाही. कितीतरी निरोगी बायकांमध्ये ती थोडी असतेच.

समीर_द
आता माझ्याकडे वळा :) बायकोला बीव्ही निघालं, औषधाने गेलं आणि परत आलं.

आर्या
परत येणं दुर्दैवाने फार सर्रास आहे. औषध घेतलेल्या निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात पुन्हा होतं, हे मला माझ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी खचले नाही. मला नंतर काही महिने आठवड्यातून दोनदा जेल लावायला दिलं.

काचपट्टी
समीर, बीव्हीसाठी पुरुष जोडीदाराला औषध द्यायचं नाही असंच वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. त्यात एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांमध्ये पुरुषालाही आठवडाभर तोंडाने गोळ्या आणि लिंगाला लावायचं मलम दिलं. बारा आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. तुम्हाला लक्षण नाही म्हणून तुमचा संबंध नाही असं आता म्हणता येत नाही. पण सगळे डॉक्टर अजून हे देत नाहीत. वारंवार होत असेल तर दोघांनी मिळून जाऊन विचारा. "माझ्यामुळे झालं का" हा प्रश्न घरात नको, त्याने बायको बोलायची बंद होईल.

दुपारसावली
आणि ज्यांच्या जोडीदार बायकाच आहेत त्यांनीही एकमेकींची लक्षणं विचारा. बीव्ही तिथेही दोघींत बऱ्याचदा सापडतं. माझा अनुभव आहे.

समीर_द
धन्यवाद. दोघं जाऊ.

रानजाई
पुन्हा मी. मेट्रोनिडाझोल संपलं, वास गेला. संबंधानंतरही नाही. किती हलकं वाटलं सांगू शकत नाही. पण त्यानंतर आठवड्याच्या आतच प्रचंड खाज सुरू झाली. लघवी लागली की बाहेर चरचरतं. आरशात बघितलं तर लाल आहे, आणि निकरवर घट्ट पांढऱ्या गुठळ्या. वास अजिबात नाही. पूर्वीचं आणि हे, जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे आता खरंच यीस्ट?

निळाई
हो गं, ही माझीच कहाणी लिहिलीस. अँटिबायोटिक नंतर मला नेहमी असंच होतं. पण पुन्हा अंदाजाने नको. त्याच डॉक्टरांकडे जा.

तुझ्या निमित्ताने एक सांगते. मला वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा होत होतं तेव्हा शेवटी रक्तातली साखर तपासली, आणि ती वाढलेली निघाली. नंतर डायबेटिसचं जे औषध सुरू केलं ते साखर लघवीवाटे बाहेर टाकणारं होतं, त्यावर यीस्ट आणखी बळावलं. औषध बदलल्यावर कमी झालं. हे जोडून बघायला मला आणि डॉक्टरांना वेळ लागला. त्यामुळे वारंवार यीस्ट होणाऱ्या प्रत्येकीने साखर तपासा आणि आपली बाकीची सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

रानजाई
गेले. पीएच ४ च्या आसपास, म्हणजे बीव्ही परत आलेलं नाही. काचेवर या वेळी बुरशीचे धागे दिसले. आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या आणि बाहेर मलम. पहिल्याच रात्री खाज निम्मी झाली. गंमत म्हणजे सुरुवातीला मिळाल्या होत्या त्याच गोळ्या आहेत या. तेव्हा चालल्या नाहीत, आज चालल्या.

आर्या
मलम चालू असताना कंडोमवर विसंबू नकोस. त्यातल्या तेलाने रबर कमकुवत होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काचपट्टी
बरोबर. आणि रानजाई, पाळीनंतर वास परत आलाच तर वास असतानाच जा. आदल्या दिवसांत आत काही लावू नकोस, धुऊ नकोस, संबंधही टाळ. बायका त्या दिवशी मुद्दाम आतून स्वच्छ करून येतात आणि मग काचेवर आम्हाला काहीच सापडत नाही.

ओवी
हे मी केलंय. तपासणीला जाताना धुऊन गेले होते, कसंतरी वाटतं म्हणून.

काचपट्टी
सगळ्याच करतात. डॉक्टरांना आणि आम्हाला स्राव बघायचाच असतो, त्यात कसंतरी वाटून घेण्यासारखं काही नाही.

नवीन_सभासद
सगळा धागा वाचला. माझा स्राव हिरवट-पिवळा आहे, थोडा फेसाळ, वास आहे आणि खाजही आहे. संबंधाच्या वेळी दुखतं. हे दोन्ही एकत्र म्हणायचं का?

काचपट्टी
तसंही असू शकतं, पण आधी ट्रायकोमोनासची चाचणी मागा. हालणारा परजीवी ताज्या नमुन्यातच दिसतो, काच तासभर पडून राहिली तर हातून जातो, म्हणून जमलं तर त्याची पीसीआर चाचणी करून घ्या. सोबत लैंगिक आजारांच्या बाकीच्या तपासण्याही. निघाला तर जोडीदारालाही औषध, आणि दोघांचं पूर्ण होईपर्यंत संबंध नाहीत. ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, आजच दाखवा.

नवीन_सभासद
ताप नाही. ओटीपोटात कालपासून थोडं दुखतंय. निघतेच.